मुदतवाढीचं पत्र : कोणता पाऊस धरायचा, कोणता सोडायचा

‘स. न. वि. वि. आपल्या बंगल्याचे काम यंदाच्या अतिवृष्टीमुळे व वाळूच्या टंचाईमुळे लांबले असून, काम पूर्ण करण्यास 66 दिवसांची मुदतवाढ मिळावी, ही विनंती.’

कंत्राटदाराचं असं पत्र हातात पडलं की घरमालक सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. फोन उचलून भांडतो, नाहीतर ‘पाऊस काय त्याच्या हातात आहे का’ म्हणत कागद फायलीत सरकवतो. पत्रातले 66 दिवस आले कुठून, हे मात्र कोणीच विचारत नाही. खरं तर सगळी गंमत त्या आकड्यातच असते, आणि तो कामाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून ताडून पाहता येतो.

त्यासाठी 2025 सालचं एक उदाहरण घेऊ. बंगला आणि माणसं कल्पनेतली आहेत, पाऊस मात्र खरा आहे. समजा, मुळशीच्या बाजूला दुमजली घराचं काम जानेवारीत सुरू झालं. करारानुसार ताबा 30 सप्टेंबरला द्यायचा. वरचा स्लॅब 22 मेला भरायचा होता. एरवी त्या भागात मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो, त्यामुळे ही तारीख ठरवण्यात कंत्राटदाराचं काही चुकलं नव्हतं. पण त्या वर्षी मेच्या उत्तरार्धात पावसाने राज्यभर मुक्काम ठोकला आणि 26 मेला मुंबई-पुण्यात मोसमी पाऊस दाखलही झाला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख 11 जून आहे. सेंट्रिंग ठोकलेलं, लोखंड बांधलेलं, आणि वरून धो धो पाऊस. अखेर उघडीप मिळाल्यावर स्लॅब 2 जूनला भरला. म्हणजे 11 दिवस गेले.

हे 11 दिवस कंत्राटदाराला द्यायलाच हवेत. भर पावसात स्लॅब भरला तर काँक्रीटमध्ये ठरवून घातलेल्या पाण्याचं प्रमाण बिघडतं आणि पृष्ठभागावरची सिमेंटची लई धुऊन जाते. मग वर नुसती खडी-वाळू दिसू लागते. भुरभुर असेल तर प्लॅस्टिक अंथरून काम उरकता येतं, मोठ्या सरीत नाही. उलट, स्लॅब एकदा घट्ट झाला की त्यावर पडलेला पाऊस त्याच्या पथ्यावरच पडतो, फुकटात पाणी मारल्यासारखा. तेव्हा ‘स्लॅब भरल्यावर चार दिवस पाऊस लागला म्हणून काम थांबलं’ असं पत्रात असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

पाऊस खरंच पडला होता का, हे बघणं अवघड नाही. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. एक बारकावा तेवढा ध्यानात ठेवायचा. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि आधीच्या 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर पडतो. म्हणजे 24 तारखेला दुपारी कोसळलेला पाऊस नोंदीत 25 तारखेला दिसतो. हे माहीत नसल्यामुळे खऱ्या माणसाला खोटं ठरवलं जाऊ शकतं. शिवाय हवामान खात्याच्या हिशेबात दिवसाला अडीच मिलिमीटर पडला तरी तो ‘पावसाचा दिवस’ होतो, आणि एवढ्या पावसाने स्लॅब सहसा अडत नाही. खात्याच्या भाषेत ‘जोरदार पाऊस’ 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. तेव्हा नुसत्या पावसाच्या दिवसांची यादी पुरेशी नाही. त्या दिवशी साइटवर कोणतं काम होतं आणि ते का थांबलं, हे हजेरीच्या वहीत सापडायला हवं.

मुळशीच्या पत्रातला दुसरा पाऊस जुलैचा आहे. बाहेरचं प्लास्टर पावसाने 15 दिवस थांबलं, असं कंत्राटदार म्हणतो. थांबलं असेलच, पण मुळशीत जुलैत पाऊस पडतो हे कळायला हवामान खातं लागत नाही. बाहेरच्या प्लास्टरची तारीख वेळापत्रकात जुलैत टाकली होती ती त्यानेच. नेहमीचा पावसाळा त्याने मुदत ठरवतानाच धरलेला असतो, निदान धरायला हवा. हे 15 दिवस वजा करायचे.

आता वाळू. कंत्राटदाराने 10 जून ते 19 जुलै असे 40 दिवस वाळूच्या नावावर मांडले आहेत. आपल्याकडे 10 जून ते 30 सप्टेंबर या काळात नदीपात्रातून वाळू काढायला बंदी असते. ही तारीख दर वर्षी तीच असल्यामुळे जुना-जाणता कंत्राटदार मेमध्येच ब्रासच्या हिशेबाने वाळू आणून साइटवर ढीग मारून ठेवतो. आमचा कंत्राटदार सांगतो, ‘साहेब, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणणारच होतो, पण पात्रात पाणी आलं, गाड्या उतरेनात.’ हेही खोटं नाही. पण लागणारी वाळू बंदीच्या तोंडावर आणायची ठरवली, हा त्याचा जुगार होता. तो फसला म्हणून त्याचं बिल मालकाने भरायचं कारण नाही.

तरीही इथे घाईने ‘शून्य’ लिहू नये. आधी वेळापत्रक समोर ठेवावं, कारण पत्रातली सर्वात मोठी गफलत इथेच आहे. वरचा स्लॅब भरल्यावर खालचे टेकू लगेच काढता येत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस टेकू ठेवावे लागतात. आमचा हॉल मोठा, म्हणून 14 दिवस धरू. ठरल्याप्रमाणे टेकू 5 जूनला निघाले असते, ते 16 जूनला निघाले. त्यानंतर वरच्या मजल्याचं वीटकाम होतं. दोन्ही मजल्यांचं वीटकाम उरकलं की प्लास्टरची टोळी एकदमच आणायची, असं ठरलं होतं. म्हणून प्लास्टर 25 जूनऐवजी 6 जुलैला सुरू झालं असतं. वीटकामापुरती वाळू साइटवर शिल्लक होती, तुटवडा होता तो प्लास्टरच्या वाळूचा.

म्हणजे 10 जूनपासून वाळू नव्हती हे खरं, पण 6 जुलैपर्यंत तिची गरजही नव्हती. ते सगळे दिवस पत्रात वाळूच्या नावावर मोजले आहेत आणि त्यातले 11 स्लॅबच्या नावावर आधीच मोजून झाले आहेत. एकाच दिवसाचे दोनदा पैसे मागावेत, तसा हा प्रकार. बहुतेक कंत्राटदार तो लबाडीने करत नाहीत. पाऊस वेगळा, वाळू वेगळी, म्हणून दोन्हींची बेरीज, असा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात वाळूने अडवलेले दिवस 6 ते 19 जुलै, एकूण 14. प्लास्टर 20 जुलैला सुरू झालं.

या 14 दिवसांत मालकाचाही वाटा निघतो. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड वापरू का, असं कंत्राटदाराने 5 जुलैला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं. करारात प्लास्टरला नदीची वाळू लिहिली असल्याने त्याला विचारावंच लागणार होतं, परस्पर बदल केला असता तर तो करारभंग ठरला असता. मालकाने कुणाकुणाला विचारत 12 तारखेला होकार कळवला. प्लास्टरसाठी मिळणारी बारीक, धुतलेली क्रश सँड चालते. काँक्रीटसाठीची भरड घेतली आणि तिच्यात दगडाची पूड जास्त असली तर प्लास्टरला बारीक भेगा पडतात. तेव्हा विचार करायला वेळ लागणं रास्तच होतं. पण 6 ते 12 जुलै हे 7 दिवस मालकाच्या खात्यात जातात. पुढचे 7 दिवस क्रश सँड आणण्यात गेले, ते कंत्राटदाराचे. आधीच चौकशी करून ठेवली असती तर होकार आल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली असती.

मग देय मुदतवाढ झाली 11 अधिक 7, म्हणजे 18 दिवस. नवी तारीख 18 ऑक्टोबर, नेमकी धनत्रयोदशी! (दिवाळीत टोळी गावाला जाते, हा मुद्दा पुढच्या पत्रात येणारच.)

हा हिशेब कायद्याच्या चौकटीतही बसतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 63 नुसार ज्याचं काम करायचं आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो. बांधकामाच्या करारात मुदत टळली की लगेच करार मोडता येतो, अशी अनेकांची समजूत असते. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात वेगळं सांगितलं. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणाऱ्या जलसेतूचं ते काम होतं आणि त्याला 12 महिन्यांची मुदत होती. कंत्राटदाराच्या तक्रारींत पाऊस होता आणि साइटपर्यंत धड रस्ता नव्हता, हेही होतं. करारात मुदतवाढीची आणि दंडाची कलमं असली की मुदत हा कराराचा गाभा आहे असं सहसा मानता येत नाही, असा त्या निकालाचा रोख. तुमच्या करारात उशिराचा दंड लिहिलेला असेल, तर मुदतवाढीला एकदम नकार देण्याआधी हे आठवावं.

पत्र कधी आलं, हेही बघायचं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात अडथळा आल्यापासून 14 दिवसांत लेखी मागणी करायची अट असते, शिवाय अडथळ्यांची वेगळी वहीही ठेवावी लागते. घरगुती करारात अशी अट क्वचितच असते, पण घालावी. मेमधला पाऊस ऑगस्टमध्ये कळवला की पडताळा घ्यायला साइटवर काहीच उरत नाही.

आता उत्तर. ते लेखीच द्यायचं, आणि दोन-तीन गोष्टी त्यात स्पष्ट लिहायच्या. ‘आपल्या पत्रातील 66 दिवसांपैकी 22 मे ते 2 जून या काळातील 11 दिवस आणि 6 ते 12 जुलैचे 7 दिवस, एकूण 18 दिवसांची मुदतवाढ मान्य आहे. सुधारित तारीख 18 ऑक्टोबर 2025. या वाढीव काळासाठी दरवाढ, सेंट्रिंगचे भाडे अथवा अन्य रक्कम देय नाही. उर्वरित विलंबाबाबत करारातील भरपाईचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’ मुदत दिली म्हणजे पैसेही दिले, असं होत नाही. पण तसं लिहिलं नाही तर शेवटच्या बिलात सेंट्रिंगचं जादा भाडं हमखास डोकावतं. मालकाच्या 7 दिवसांसाठी कंत्राटदाराने रिकाम्या बसलेल्या टोळीची मजुरी मागितली, तर मात्र ती मागणी वेगळी तपासावी लागेल.

हक्क राखून ठेवण्याचं वाक्य पुन्हा एकदा लागतं, ते किल्ल्या घेताना. कलम 55 नुसार, ठरलेल्या वेळेनंतर केलेलं काम तुम्ही स्वीकारलं आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. समजा 5 नोव्हेंबरला घर मिळालं. पेढे वाटायच्या आधी, 18 दिवसांच्या उशिराचा उल्लेख असलेल्या ताबापावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.