आईची गाडी आणि पौड रस्त्यावरचं उजवं वळण

पुण्यात बहुतेकांना चारचाकीच्या आधी पाच-सात वर्षांचा दुचाकीचा सराव असतो. त्यामुळे लायसन्स हातात आल्यावर घरची गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना रस्ते पाठ असतात, चौक ओळखीचे असतात आणि तिथेच गडबड होते. स्कूटरवर बसून तयार झालेला अंदाज गाडीला लावला जातो. स्कूटर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर लांब. समोरून येणाऱ्यांमध्ये थोडी फट दिसली की सुटते. बलेनोसारखी घरगुती गाडी ३ मीटर ९९ सेंटिमीटर लांब आणि आरसे सोडून पावणेदोन मीटर रुंद असते. तिचं नाक पलीकडे पोचलं तरी शेपूट अजून समोरच्यांच्या वाटेत असतं.

आपण डावीकडून गाडी चालवतो. म्हणून डावं वळण आपल्याच कडेने होतं, उजवं मात्र समोरून येणाऱ्यांचा रस्ता कापून. हिशेब करून पाहा. समोरच्या बाजूच्या दोन लेन म्हणजे साधारण सात मीटर, त्यात गाडीची लांबी मिळवली की अकरा. थांबलेल्या जागेवरून निघून हे अंतर पार करायला नवशिक्याला चार सेकंद लागतात, आणि ‘जाऊ का नको’ यात एक सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटरसायकल पाच सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे येते. म्हणजे पीएमपीच्या लांब बस एकामागे एक चार-पाच उभ्या राहतील एवढी मोकळी जागा दिसल्याशिवाय निघायचं नाही. गर्दीच्या वेळी पौड रस्त्यावर एवढी जागा कुणी आपल्यासाठी ठेवत नाही. पाठीमागचा हॉर्न वाजवतो, शेजारी बसलेली आई ‘अगं, काढ ना आता’ म्हणते, आणि क्लच नेमका तेव्हाच सुटतो.

वनाज ते डेक्कन या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. मेट्रोचे खांब बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध, दुभाजकातच आहेत. दुभाजकातल्या फटीत उजवीकडे वळायला थांबलात, तर पलीकडून येणारी दुचाकी खांबाआड संपूर्ण लपू शकते. त्यात गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांब उजवीकडे, चालकाच्या डोळ्याजवळ असतो, त्यामुळे तोही बराच भाग झाकतो. मान पुढे-मागे करून बघितल्याशिवाय त्यामागचा माणूस दिसत नाही.

म्हणून सगळीच उजवी वळणं टाळायची का? नाही. चांगलं आणि वाईट उजवं वळण ओळखण्याची एक सोपी खूण आहे, आणि ती गाडी चालवायच्या आधीच, बाजूच्या सीटवर बसून पाहता येते. आपल्याला हिरवा असताना समोरच्यांना लाल आहे का? अनेक चौकांत एकेका बाजूला आळीपाळीने सोडतात. तिथे उजवीकडे वळताना समोरून कुणी येत नाही (निदान येऊ नये). दोन्ही बाजू एकाच वेळी सुटत असतील, किंवा सिग्नलच नसेल, तर ते वळण पहिले काही महिने आपलं नाही.

आता आनंदनगर मेट्रो स्टेशनजवळची एक सोसायटी घेऊ. फाटक डेक्कनकडे जाणाऱ्या बाजूला आहे. जाताना सोपं: फाटकातून डावीकडे, पौड फाट्यावरून कर्वे रस्ता, नळस्टॉप, डेक्कन. उजवं वळण एकही नाही. नळस्टॉपच्या पुलावरून जायचं की खालून, हे मात्र पूल दिसायच्या आधी ठरवून तशी लेन धरायची. ऐनवेळी लेन बदलणं हे उजव्या वळणाइतकंच वाईट.

प्रश्न येतो परतताना, कारण आता घर दुभाजकाच्या पलीकडे आहे. पहिला पर्याय फाटकाजवळची फट. तो वर सांगितलेल्या कारणांनी बाद. दुसरा पुढच्या चौकात यू-टर्न, जिथे तो घेऊ देतात तिथे. पण अशा गाडीला पूर्ण वळायला जवळजवळ दहा मीटर रुंदी लागते. दुभाजक धरून ती कशीबशी मिळते, मात्र पलीकडच्या कडेला एक रिक्षा उभी असली की वळण अर्धवट राहतं, आणि भर चौकात रिव्हर्स टाकावा लागतो. तिसरा पर्याय लांबचा आहे आणि मी तोच घेईन: चौकाच्या अलीकडे डावीकडच्या गल्लीत शिरायचं, आत वळसा घालून आडव्या रस्त्याने त्याच चौकात यायचं, आणि आपल्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर उजवीकडे वळून घराच्या दिशेला लागायचं. पाचेक मिनिटं जास्त जातात. अर्थात ती गल्ली एकेरी नाही ना, हे आदल्या दिवशी स्कूटरवरून पाहून ठेवावं.

नकाशाचं अॅप यात फार मदत करत नाही. गूगल मॅप्समध्ये टोल टाळता येतो, उजवं वळण टाळायची सोय नाही. आपल्या वाटेवरचं ठिकाण Add stop करून घातलं की ते आपल्या रस्त्याने नेतं. आणि निघण्यापूर्वी वर चारचाकीचं चिन्ह निवडलंय का, ते बघा. सवयीने दुचाकीचं राहिलं असेल, तर ते तुम्हाला बेधडक बोळात घालेल.

उजवीकडे वळायला थांबलात, तर चाकं सरळ ठेवा. आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरच्यांच्या पुढ्यात जाते. डावं वळणही अगदी निर्धास्त नसतं. तुम्ही इंडिकेटर दिलात तरी डाव्या अंगाने स्कूटर आत घुसतेच. वळण्याआधीच डावी कड धरून ठेवली, की तिला जागा उरत नाही. तरीही डावा आरसा बघूनच वळा.

पार्किंगचा हिशेबही सेंटिमीटरचा आहे. अडीच मीटर रुंदीच्या जागेत पावणेदोन मीटरची गाडी मधोमध लावली, तर दोन्हीकडे ३७ सेंटिमीटर उरतात. त्यातून आरसे वजा करा. दार पूर्ण उघडत नाही, आणि एका बाजूला सोसायटीचा खांब असेल तर दार नेमकं त्यावरच घासतं. म्हणून सुरुवातीला दोन रिकाम्या जागा शेजारी-शेजारी दिसतील तिथेच थांबावं, नाहीतर अर्धा किलोमीटर अलीकडे गाडी लावून चालत जावं. रस्त्यावर लावताना पी-१, पी-२ची पाटी वाचा: पी-१ला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ला सम तारखेला. रिकामी बाजू दिसली की आनंदाने गाडी लावणारे परत येतात तेव्हा ती टोइंगवाल्यांनी नेलेली असते.

बंपरवर ओरखडा आला तर विम्याकडे धाव घेण्याआधी पॉलिसी उघडा. क्लेम न करता गेलेल्या वर्षांमागे मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. ती पॉलिसीधारकाची, म्हणजे आईची असते, आणि क्लेम केला की साधारणपणे पुढच्या वर्षी जाते. दीड-दोन हजारांचं काम गॅरेजमध्ये रोखीने करून घेणं बहुधा स्वस्त पडतं.

शेवटची विनंती शेजारच्या सीटवर बसणाऱ्या आईबाबांना. मुलगी फटीसमोर थांबली असेल, तर ‘काढ’ म्हणू नका. तिला फट लहान वाटते आहे, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.