एकोणनव्वद की शून्य?

डेबिट कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावला की ‘हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे’ हे वाक्य ऐकू येतं. त्यातले काही कॉल पुढे कागदावर उतरतात आणि क्वालिटी विभागातलं कुणीतरी एजंटच्या बोलण्याला गुण देतं. या कामाला कॉल ऑडिट म्हणतात. त्यातली खरी गंमत गुणांत नसून गुणांशेजारच्या एका छोट्या रकान्यात आहे: पुरावा, म्हणजे कॉलमधली नेमकी ओळ.

समजण्यासाठी एक काल्पनिक कॉल घेऊ. स्क्रिप्टनुसार गुण असे: नाव सांगून स्वागत १०, ओळख पडताळणी ३०, कार्ड ब्लॉक करणं २०, होल्डवर ठेवण्याआधी परवानगी १०, तक्रार क्रमांक १०, पुढे काय व कधी होईल ते सांगणं १०, समारोप १०. स्वागत ओळ १ मध्ये नीट झालं. पुढचं असं:

ओळ २, ग्राहक: अहो, आत्ता माझ्या खात्यातून पैसे गेले. मी काहीच केलेलं नाही!
ओळ ३, एजंट: काळजी करू नका सर. ४,८०० रुपयांचा व्यवहार दिसतोय, तोच ना?
ओळ ४, ग्राहक: हो, तोच.
ओळ ५, एजंट: कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि जन्मतारीख सांगता का?

ग्राहक दोन्ही बरोबर सांगतो. एजंट परवानगी घेऊन होल्डवर ठेवते, कार्ड ब्लॉक करते, तक्रार क्रमांक देते. ओळ ११ मध्ये ग्राहक विचारतो, ‘पैसे परत कधी मिळतील?’ ओळ १२ मध्ये उत्तर येतं, ‘मिळतील सर, काळजी करू नका.’ तेवढ्यात फोन कटतो.

घाईत तपासणारा पडताळणीपुढे ‘झाली’ लिहून ३० गुण देईल. फोन ग्राहकाकडूनच कटला, त्यामुळे समारोपाचे १० गुण एकूण बेरजेतूनच वगळायचे. ते शून्य धरले तर एजंटवर अन्याय होतो. उरले ९०. मुदत सांगितली नाही म्हणून १० गेले. नव्वदपैकी ऐंशी, म्हणजे सुमारे ८९ टक्के. चांगला कॉल!

आता पुराव्याचा रकाना भरायला घ्या. पडताळणी ओळ ५ मध्ये आहे, पण खात्यातल्या व्यवहाराची रक्कम ओळ ३ मध्येच सांगून झाली. समोरचा माणूस खातेदार आहे की त्याचा फोन हाती आलेला दुसराच कुणी, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पडताळणी झाली, पण उशिरा. अशा चुकीला या क्षेत्रात ‘फेटल’ म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी एका फेटलने अख्ख्या कॉलचे गुण शून्य होतात. म्हणून इथे एक ओळ देऊन भागत नाही. ३ आणि ५ दोन्ही लिहाव्या लागतात, कारण दोष त्यांच्या क्रमात आहे. घाबरलेल्या माणसाला धीर देताना ही चूक होते, त्यामुळे ती मुद्दाम शोधावी लागते.

न बोललेल्या गोष्टीचा पुरावा कसा द्यायचा? ती जिथे यायला हवी होती ती जागा दाखवायची. मुदतीच्या शून्यासमोर ओळ ११ आणि १२ लिहायच्या: प्रश्न सरळ होता, उत्तरात तारीख नव्हती. नुसतं ‘सांगितलं नाही’ लिहिलं तर पुढच्या वाचणाऱ्याला सगळा कॉल चाळावा लागतो. ही बाब किरकोळही नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने अनधिकृत व्यवहार कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करण्याची तरतूद होती. ‘काळजी करू नका’ हे शब्द सहानुभूतीच्या यादीत बसतात खरे, पण ओळ १२ मध्ये ते उत्तर टाळण्यासाठी आलेत.

एजंटला या गुणांवर हरकत घेता येते. समजा ती म्हणाली, ‘रक्कम आधी ग्राहकानेच सांगितली होती.’ ओळ २ मध्ये तसं काही नाही. पण ही ओळ सॉफ्टवेअरने लिहून काढली आहे, आणि दोघं एकाच वेळी बोलले की त्यातला एक आवाज सहज गळतो. कधी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावरही पडतं. म्हणून फेटल देण्याआधी त्या ओळीचं मूळ रेकॉर्डिंग ऐकलंच पाहिजे. पुराव्यात ओळ क्रमांकासोबत वेळ नोंदवली असेल, तर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रेकॉर्डिंगमध्ये ग्राहकाचं ‘अठ्ठेचाळीसशे’ दबलेलं ऐकू आलं, तरी वाद मिटत नाही. रक्कम ग्राहकाने सांगितली, पण ‘दिसतोय’ म्हणून तिला दुजोरा एजंटने दिला. तो फेटल धरायचा का, यावर दोन ऑडिटर सहज भांडतील. त्यासाठी कॅलिब्रेशनची बैठक असते: सगळे तोच कॉल वेगवेगळा तपासतात, मग एकमेकांचे गुण आणि ओळी ताडून पाहतात आणि दुजोऱ्याचा नियम लिहून टाकतात. तो नियम पुढच्या कॉलपासून लागू होतो. या कॉलला मात्र जुन्याच नियमाने गुण मिळतात.