जुलैचा पगार नेमका कशाचा?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांचे शिक्षक साधारण दहा महिने शिकवतात. जून संपत आला की शाळा बंद होते, पण अनेकांच्या खात्यात जुलै-ऑगस्टमध्येही पगार येत राहतो. आपल्याकडच्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना मे महिन्यात सुट्टीचा पगार मिळतो, तसाच हा असावा असं महाराष्ट्रातून तिथे शिकवायला गेलेल्यांना वाटू शकतं. प्रत्यक्षात तो सुट्टीचा पगार नव्हेच. तो शिक्षकाने आधीच कमावलेला आणि शाळेने राखून ठेवलेला पैसा असतो.

समजा, करार १९० दिवसांचा आणि ६०,००० डॉलरचा आहे. दहा हप्त्यांत घेतला तर महिना ६,००० पडतो, बारा हप्त्यांत ५,०००. म्हणजे सप्टेंबरपासून दर महिन्याला हजार डॉलर मागे राहतात आणि जूनअखेर दहा हजार साठतात. तेच उन्हाळ्यात दोन हप्त्यांत परत मिळतात. या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही.

खरा घोळ होतो तो बिनपगारी रजेत. महिन्याला पाच हजार येतात, कामाचे दिवस बावीस, तेव्हा एका दिवसाचे सव्वादोनशे कापले जातील, असा हिशेब माणूस करतो. कापले जातात ३१६, कारण दिवसाचा दर ६०,००० भागिले १९० असा निघतो. यात शाळेने फसवलेलं नसतं, पण नियुक्तीच्या वेळीच कोणी हे नीट समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो.

मध्येच नोकरी सोडली तरी हाच दर लागतो. सप्टेंबरमध्ये रुजू झालेल्या शिक्षिकेने ७६ दिवस शिकवून डिसेंबरअखेर राजीनामा दिला, तर तिची कमाई २४,००० झाली. हातात चार हप्त्यांचे २०,००० आले. उरलेले चार हजार तिच्या हक्काचे आहेत आणि शेवटच्या हिशेबात ते आले की नाही, हे तिने तपासायलाच हवं. काही ठिकाणी मात्र पगाराचं चक्र शाळा उघडण्याआधीच, जुलैत सुरू होतं. तिथे डिसेंबरपर्यंत सहा हप्ते, म्हणजे ३०,००० हाती पडलेले असतात आणि सहा हजार परत करण्याची वेळ येते. म्हणून पहिला हप्ता कोणत्या तारखेचा, हे करारावर सही करतानाच विचारावं.

दहा की बारा, हा पर्याय सगळीकडे नसतो. काही शाळा सर्वांना बाराच हप्ते देतात. पर्याय असेल तिथे निवड लेखी द्यावी लागते, तीही त्या वर्षाचं काम सुरू होण्याआधी, आणि वर्षभर ती बदलता येत नाही. हे बंधन पुढे ढकललेल्या वेतनावरच्या केंद्रीय करनियमांतून आलं. ते शिक्षकांनाही लागू होतात हे कळल्यावर बरीच घबराट उडाली, तेव्हा २००७ मध्ये कर खात्याने खुलासा करून ही सोपी वाट दाखवली.

दहा हप्ते घेणाऱ्याला उन्हाळ्याची तजवीज स्वतः करावी लागते. आरोग्यविम्याचा हप्ता उन्हाळ्यातही चुकत नाही. तो बहुधा आधीच्या महिन्यांतून जादा कापून घेतात, त्यामुळे मे-जूनचा पगार अचानक कमी दिसला तर आधी पगारपत्रकातला विम्याचा रकाना पाहावा.