तीन लिटर, तीन वेग

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाला डॉक्टर नळीत फुंकायला सांगतात, त्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. तिच्या रिपोर्टवर बरेच आकडे असतात, पण निदान फिरते ते मुख्यतः दोन आकड्यांभोवती. छाती भरून घेतलेला श्वास जोर लावून सोडला की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, तो पहिला. त्याला एफईव्ही-वन म्हणतात. आणि छाती रिकामी होईपर्यंत एकूण किती आली, तो दुसरा, म्हणजे एफव्हीसी. पहिल्याला दुसऱ्याने भागून आलेले गुणोत्तर, इनहेलरचे औषध दिल्यानंतरही, ०.७० च्या खाली असेल तर श्वासनलिकांत कायमचा अडथळा आहे, म्हणजे सीओपीडी आहे, असे जगभर बहुतेक ठिकाणी धरले जाते.

म्हणजे ०.७१ आणि ०.६९ यांच्यामध्ये एका माणसाचे पुढचे औषधपाणी उभे असते. हा फरक मोजणारे यंत्र खरे बोलते आहे की नाही, हे ठरवायला दवाखान्यात एक साधे साधन असते: तीन लिटरची सिरिंज. हातभर लांबीचा जाड नळा, आत दट्ट्या, आणि दट्ट्याच्या दांड्याला मूठ. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलला की बरोबर तीन लिटर हवा बाहेर पडते. सिरिंजमध्येही चूक असू शकते, पण ती अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे १५ मिलिलिटरच्या आत असायला हवी.

सिरिंज स्पायरोमीटरला जोडायची, दट्ट्या ढकलायचा आणि पडद्यावर ३.०० च्या जवळचा आकडा येतो का ते पाहायचे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांनी २०१९ मध्ये दिलेल्या मानकानुसार यंत्राला अडीच टक्के आणि सिरिंजला अर्धा टक्का, अशी मिळून तीन टक्क्यांची सूट आहे. तीन लिटरचे तीन टक्के म्हणजे ९० मिलिलिटर. आकडा २.९१ ते ३.०९ च्या दरम्यान आला तर यंत्र पास. यंत्र वापरात असेल त्या प्रत्येक दिवशी ही पडताळणी करायची आणि वहीत लिहून ठेवायची.

इथपर्यंत बहुतेक ठिकाणी नीट होते. घोटाळा होतो तो पुढच्या अटीत. दट्ट्या किमान तीनदा ढकलायचा आणि तीन वेगवेगळ्या वेगांनी ढकलायचा, असे मानक सांगते. सर्वांत जलद ढकलणे साधारण अर्ध्या सेकंदात संपावे आणि सर्वांत संथ ढकलणे सहा सेकंदांपर्यंत चालावे. प्रत्यक्षात सकाळच्या घाईत तिन्ही वेळा एकाच, हाताला सोयीच्या वेगाने, एक-दीड सेकंदात दट्ट्या ढकलला जातो. वहीत तीन आकडे लागतात आणि ते एकमेकांशी छान जुळतात. अशी जुळणी पाहून माझे समाधान होत नाही, कारण यंत्र एका वेगाला बरोबर आहे, एवढेच त्यातून कळते.

वेगांचा एवढा आग्रह का, हे समजायला माणूस कसा फुंकतो ते पाहावे लागते. निरोगी प्रौढ माणसाच्या फुंकीची सुरुवात सेकंदाला आठ-दहा लिटरच्या वेगाने होऊ शकते. दोन-तीन सेकंदांनी तो वेग कितीतरी पटींनी उतरतो आणि शेवटी शेवटी तर हवा अगदी झिरपत येते. अडथळा असलेल्या रुग्णात हे झिरपणे दहा-बारा सेकंदही चालते. म्हणजे एकाच फुंकीत यंत्राला जोराचा झोत आणि मंद झुळूक, दोन्ही मोजावे लागतात. त्यातही एफईव्ही-वन हा मुख्यतः झोताचा आकडा आहे, तर एफव्हीसीमध्ये शेवटच्या झुळकीची भर पडते. यंत्र फक्त मंद प्रवाहाला चुकत असेल तर पहिला आकडा जवळजवळ बरोबर येतो, दुसरा बिघडतो आणि गुणोत्तर सरकते.

एक उदाहरण घेऊ. आजची बहुतेक यंत्रे हवेचा प्रवाह मोजतात आणि क्षणाक्षणाचा प्रवाह बेरीज करून त्यातून आकारमान काढतात. त्यासाठी आधी यंत्राला ‘हवा स्थिर आहे’ हे शिकवावे लागते, म्हणजे शून्य नेमून द्यावे लागते. सेन्सर उभा, उघडा, आणि वर छतावरचा पंखा फिरतो आहे, अशा वेळी शून्य नेमले तर सेन्सरमधून जाणारी किंचित झुळूक यंत्र शून्य समजून बसते. समजा ती झुळूक श्वास सोडण्याच्या उलट दिशेला सेकंदाला २० मिलिलिटर होती. आता सिरिंज जोडली. झुळूक थांबली, पण यंत्राच्या हिशेबात मात्र सेकंदाला २० मिलिलिटर हवा फुकटची बाहेर येते आहे. नळ नीट बंद झाला नाही की बादलीत किती पाणी साठते, हे नळाच्या थेंबांपेक्षा तुम्ही किती वेळ थांबलात यावर ठरते. इथेही तसेच.

दट्ट्या अर्ध्या सेकंदात ढकलला तर फुकटची हवा १० मिलिलिटर, आकडा ३.०१. दोन सेकंदांत ढकलला तर ४० मिलिलिटर, आकडा ३.०४. दोन्ही वेळा यंत्र आरामात पास. सहा सेकंद लावून ढकलला तर १२० मिलिलिटर, आकडा ३.१२. मर्यादा ३.०९ आहे, म्हणून यंत्र नापास. फक्त जलद ढकलणाऱ्याच्या वहीत हे यंत्र निर्दोष ठरले असते.

त्याच यंत्रात एक माणूस फुंकतो. त्याचा खरा एफईव्ही-वन २.२० लिटर, खरा एफव्हीसी ३.०० लिटर, म्हणून गुणोत्तर ०.७३. तो दहा सेकंद फुंकतो. पहिल्या सेकंदात २० मिलिलिटर वाढून आकडा २.२२ होतो. दहा सेकंदांत मात्र २०० मिलिलिटर वाढून ३.२० होतो. गुणोत्तर ०.६९. नसलेला अडथळा कागदावर उमटला. झुळूक दुसऱ्या दिशेची असती तर चूक उलट झाली असती. खरे २.०० आणि ३.०० असलेला, म्हणजे ०.६७ गुणोत्तराचा रुग्ण, १.९८ आणि २.८० वर येतो आणि ०.७१ दाखवून ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो. ही दुसरी चूक मला जास्त सलते, कारण पुन्हा तपासणी करायला तो लवकर येणार नाही.

चूक सापडली की तिचे मूळ शोधायला वेगांचाच उपयोग होतो. आपल्या उदाहरणात १०, ४० आणि १२० मिलिलिटरला अनुक्रमे अर्धा, दोन आणि सहा सेकंदांनी भागले तर तिन्ही वेळा २० च येतात. चूक वेळेच्या प्रमाणात वाढते आहे, तेव्हा दोष शून्यात आहे. पंखा बंद करायचा, सेन्सर झाकायचा, शून्य पुन्हा नेमायचे आणि तिन्ही वेगांनी पुन्हा पडताळायचे.

इथे एक मोह आवरावा लागतो. यंत्रावर पडताळणीच्या शेजारीच कॅलिब्रेशनचा पर्याय असतो. तो निवडला की आलेला आकडा तीन लिटरशी जुळेल असा गुणक यंत्र स्वतः बसवून घेते. आपल्या ३.१२ च्या यंत्राने संथ ढकलण्यावरून असा गुणक घेतला तर सगळे आकडे सुमारे चार टक्क्यांनी खाली येतील. सहा सेकंदांचा ३.०० होईल, पण अर्ध्या सेकंदाचा ३.०१ घसरून २.८९ होईल आणि तो नापास. शून्यातला दोष गुणकाने झाकता येत नाही, तो फक्त एका वेगावरून दुसऱ्या वेगावर ढकलला जातो.

चुकीचे बाकीचे नमुने वेगळे दिसतात. टर्बाइनच्या यंत्रात छोटे पाते हवेने फिरते. केस किंवा धुळीमुळे ते अडखळू लागले की मंद प्रवाहात मागे राहते आणि संथ ढकलण्याचा आकडा कमी येतो. जाळीवरचा दाब मोजणाऱ्या यंत्रात थुंकी किंवा बाष्प साचले की प्रवाहाला अडचण वाढते आणि यंत्र आकडे फुगवते. तिन्ही वेगांना चूक जवळजवळ सारख्याच टक्क्यांची असेल, तर आधी तापमानाची दुरुस्ती चालू राहिली आहे का ते बघावे. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते. बाहेर येताच ती थंड होऊन आकसते, म्हणून यंत्र आकडा वाढवून दाखवते. सिरिंजमधली हवा खोलीच्याच तापमानाची असते. तिलाही ही दुरुस्ती लागली तर ३० अंशांच्या खोलीत आकडा सुमारे साडेचार टक्के आणि २० अंशांच्या खोलीत सुमारे दहा टक्के जास्त येतो. म्हणूनच पडताळणीचा पर्याय निवडूनच सिरिंज लावायची असते, रुग्णाच्या चाचणीत नाही.

हाताच्या चुकाही असतात. दट्ट्या शेवटपर्यंत गेला नाही की तीन लिटर पूर्ण होत नाहीत. तो जोरात आपटला तर किंचित मागे उसळतो. दोन्ही टोकांना हलकेच टेकणे ही सवयीची गोष्ट आहे. संथ ढकलणे तर त्याहून अवघड. मध्येच थांबत, हिसके देत सहा सेकंद ओढणे म्हणजे संथ वेग नव्हे. सिरिंज उन्हात किंवा खिडकीत ठेवू नये, स्पायरोमीटरच्या शेजारी ठेवावी, म्हणजे दोघांचे तापमान एक राहते. रुग्णांना जिवाणूरोधक फिल्टर लावून फुंकायला लावत असू, तर पडताळणीतही तोच फिल्टर बसवलेला हवा, कारण त्याचाही थोडा अडथळा मोजणीत येतो.

आणि सिरिंज स्वतःच बिघडलेली असेल तर? महिन्यातून एकदा तिचे तोंड घट्ट बंद करून दट्ट्या दाबून पाहायचा. आत सरकत गेला तर हवा कुठून तरी गळते आहे. सिरिंज खाली पडली असेल तर दांड्यावरचा थांबा सरकून तीन लिटरचे माप बदललेले असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही. अशी सिरिंज उत्पादकाकडे तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

सिरिंजला एक गोष्ट मात्र दाखवता येत नाही. तिची हवा कोरडी आणि गार असते, रुग्णाचा श्वास तसा नसतो. म्हणून विभागातल्या निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाने ठरावीक दिवसांनी स्वतः फुंकायचे आणि त्याचे एफईव्ही-वन व एफव्हीसी वहीत लिहायचे. सिरिंजची पडताळणी पास होते आहे, पण त्या माणसाचे आकडे नेहमीच्या चढ-उतारापेक्षा जास्त हलले आहेत, असे झाले तर माणूस आजारी आहे का ते आधी विचारायचे. नसेल, तर यंत्र तापमान कोणते धरते आहे ते पाहायचे आणि मागे जाऊन शेवटच्या बरोबर नोंदीनंतर झालेल्या सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट बाजूला काढायचे.