कालावधींची बेरीज

कालावधींची बेरीज म्हणजे तास, मिनिटे आणि सेकंद यांत नोंदवलेले दोन किंवा अधिक कालावधी एकत्र करून त्यांचा एकूण काळ काढण्याची क्रिया होय. ६० सेकंदांचे एक मिनिट आणि ६० मिनिटांचा एक तास होत असल्याने या बेरजेत हातचा शंभरावर नव्हे, तर साठावर घ्यावा लागतो. मात्र साठापर्यंतचे आकडे आपण नेहमीच्या दशमान पद्धतीनेच लिहितो. एकाच बेरजेत दोन पद्धती अशा शेजारी नांदतात आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

साठाचा हा हिशेब मराठी परंपरेला परका नाही. पंचांगातील कालगणनेत ६० विपळांचे एक पळ, ६० पळांची एक घटका आणि ६० घटकांचे एक अहोरात्र होते. म्हणजे एक घटका २४ मिनिटांची भरते.

== उदाहरण ==

एका व्याख्यानमालेची पाच ध्वनिमुद्रणे आहेत आणि ती ऐकून लिहून काढणाऱ्या लेखनिकाला ध्वनिमुद्रणाच्या मिनिटांप्रमाणे मेहनताना द्यावयाचा आहे, असे समजू. नोंदी अशा आहेत :

```
 तास : मिनिटे : सेकंद
  १  :  ४७   :  ५२
  ०  :  ५८   :  ३९
  २  :  ०५   :  ४८
  १  :  ३६   :  २७
  ०  :  ४९   :  ५५
```

बेरीज उजवीकडून, म्हणजे सेकंदांच्या रकान्यापासून सुरू करावी. संपूर्ण रकान्याची बेरीज आधी पुरी करावी आणि मगच साठाने भागावे. येथे सेकंदांची बेरीज २२१ येते. २२१ मध्ये ६० तीन वेळा जातात व ४१ उरतात. म्हणून सेकंदांखाली ४१ मांडून मिनिटांकडे हातचे ३ न्यावेत. मिनिटांची बेरीज १९५ आणि हातचे ३ मिळून १९८ होते. त्यात ६० पुन्हा तीन वेळा जातात, बाकी १८. तासांची बेरीज ४, हातचे ३, एकूण ७. उत्तर ७ तास १८ मिनिटे ४१ सेकंद.

भागाकार टाळून केवळ अंकांवर बेरीज करण्याची एक रीत आहे आणि कागदावर करताना ती अधिक सोयीची वाटते. सेकंदांचे एकक व दशक वेगळे मिळवावेत. एककांची बेरीज २ + ९ + ८ + ७ + ५ = ३१; १ लिहून हातचे ३, कारण एककाच्या घरात हातचा नेहमीप्रमाणे दहावरच घ्यावयाचा असतो. दशकांची बेरीज ५ + ३ + ४ + २ + ५ = १९, हातच्यांसह २२. या घरात मात्र हातचा सहावर घ्यावा, कारण सहा दशक म्हणजेच साठ. २२ मध्ये ६ तीन वेळा जातात, उरतात ४. म्हणून ४ लिहून पुढे ३. मिनिटांतही हेच : एककांची बेरीज हातच्यांसह ३८, तेव्हा ८ लिहून हातचे ३, दशकांची १९, तेव्हा १ लिहून पुढे ३. उजवीकडून घरांचा क्रम दहा, सहा, दहा, सहा असा लक्षात ठेवला की पुरे.

== हातच्याच्या चुका ==

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे विसर्गचिन्हे दुर्लक्षून नोंदी साध्या संख्यांसारख्या मिळवणे. साध्या गणकयंत्रावर १४७५२, ५८३९ अशा संख्या भरल्यास बेरीज ५९७२१ येते, म्हणजे ५ तास ९७ मिनिटे २१ सेकंद. ९७ मिनिटे खटकतात, म्हणून ती दुरुस्त करून ६ तास ३७ मिनिटे २१ सेकंद असे लिहिले जाते. हे उत्तर दिसायला निर्दोष असते, पण लेखनिकाची ४१ मिनिटे २० सेकंद त्यातून गळालेली असतात.

ही तूट अकारण नाही. शंभरावर हातचा घेतला की प्रत्येक वेळी ४० चे नुकसान होते. सेकंदांच्या २२१ मध्ये शंभर दोनदा गेले, तेथे ८० सेकंद बुडाले. मिनिटांत शंभर एकदा गेले, तेथे ४० मिनिटे बुडाली. दोन्ही मिळून ४१ मिनिटे २० सेकंद होतात. बरोबर उत्तर आणि हाती आलेले उत्तर यांतील फरक चाळिसांच्या पटीत असला, तर चूक याच जातीची समजावी.

दुसरी चूक साठ एकदाच वजा करून हातचा १ घेण्याची. दोन कालावधी मिळवताना हातचा कधीच एकापेक्षा मोठा नसतो, त्यामुळे ती सवय हाताला लागते. पाच नोंदी असतील तर हातचा चारपर्यंत जाऊ शकतो : प्रत्येक नोंदीत जास्तीत जास्त ५९ आणि आधीचे हातचे ४ धरले, तरी बेरीज २९९ होते व तीत साठ चारदाच जातात. सर्वसाधारणपणे हातचा नोंदींच्या संख्येपेक्षा किमान एकाने कमी असतो. तो त्याहून मोठा आला, तर रकान्याची बेरीज पुन्हा करावी.

तिसरी चूक मांडणीची. ‘५८:३९’ अशी तासांविना लिहिलेली नोंद डावीकडून मांडली, तर ५८ मिनिटांचे ५८ तास होतात. तासांच्या जागी शून्य लिहिण्याचा कंटाळा करू नये.

== ताळा पाहणे ==

उत्तराचा ताळा पाहण्याची एक सुटसुटीत रीत आहे. दशमान बेरजेत जसे नऊ टाकून ताळा पाहतात, तसे येथे ५९ टाकावेत. प्रत्येक नोंदीतील तास, मिनिटे व सेकंद यांचे आकडे मिळवून त्यातून ५९ जितक्या वेळा वजा होतील तितके वजा करावेत. वरील पाच नोंदींतून अनुक्रमे ४१, ३८, ५५, ५ आणि ४५ उरतात. त्यांची बेरीज १८४. तीतून १७७ वजा जाता ७ उरतात. उत्तरात ७ + १८ + ४१ = ६६, उरले ७. ताळा जुळला. चुकीच्या ६:३७:२१ मध्ये बेरीज ६४ आणि बाकी ५ येते, म्हणून चूक लगेच उघडी पडते.

या ताळ्याला मर्यादा आहे. मिनिटांचा आकडा तासांच्या रकान्यात गेला तरी आकड्यांची बेरीज तीच राहते आणि ताळा जुळतो. त्यासाठी ढोबळ अंदाज हवा : नोंदी जवळच्या मिनिटापर्यंत धरल्यास वरील बेरीज ७ तास १९ मिनिटे येते, म्हणजे उत्तर त्याच्या आसपास असले पाहिजे.

== संगणकीय तक्त्यात ==

तक्त्यात नोंदी एका स्तंभात भरून पुढील सूत्र दिल्यास साठावरचा हातचा आपोआप घेतला जातो.

```
=SUM(A1:A5)
```

येथे अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. उत्तराच्या घराचे स्वरूप `h:mm:ss` असेल, तर २४ तास पुरे होताच आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. ३१ तासांची बेरीज ७ तास दिसते. स्वरूप `[h]:mm:ss` ठेवल्यास पूर्ण तास दिसतात. ‘५८:३९’ ही नोंद येथेही ५८ तास ३९ मिनिटे अशीच वाचली जाते, म्हणून ती `0:58:39` अशी भरावी. जी नोंद मजकूर म्हणून साठवली गेली असेल ती `SUM` बेरजेत धरतच नाही, आणि तशी सूचनाही देत नाही.

ध्वनिमुद्रण यंत्राने सेकंदांचे अपूर्णांक गाळले असतील, तर प्रत्येक नोंदीत एका सेकंदापेक्षा कमी तूट असते. पाच नोंदींच्या बेरजेत ती पाच सेकंदांच्या आतच राहते. याहून मोठा फरक दिसल्यास तो हातच्यात किंवा मांडणीत शोधावा.