झीरो वर धरायचा की खाली?

मॉडेल बरोबर, तरी प्लायचा तुकडा सुटून येत नाही. असं का होतं, ते आता पाहू. आपण प्लाय १८ मिमीचा म्हणून आणला, कॅममध्ये स्टॉकची जाडी १८ टाकली आणि झेडचा झीरो प्लायच्या वरच्या बाजूला धरला. व्हर्नियरने मोजलं, तर जाडी निघाली १८.५. टूल १८ मिमीच खाली जाणार, म्हणजे तळाशी अर्ध्या मिमीचा पापुद्रा उरणार. जाडी १७.५ असती, तर टूल तेवढंच बेडमध्ये घुसलं असतं.

म्हणून आरपार कापताना आपण झीरो बेडवर धरतो, कॅममध्येही आणि मशीनवरही. पण त्याच प्लायमध्ये ८ मिमीची खाच असेल, तर ती साडेआठ होईल. तेव्हा जाडी आधी मोजायची आणि तीच टाकायची. टूल बदललं, की झेड पुन्हा सेट करायचा.