गल्ल्याचा हिशेब

मी कला शाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे सख्य दहावीतच संपले. तरीही संध्याकाळी एका किराणा दुकानात काम करतो, आणि रात्री गल्ला मोजणे माझ्याकडे असते.

मोजायचे कसे, ते आधी सांगतो. नोटा जातवारीने वेगळ्या करायच्या, प्रत्येक जातीचे नग कागदावर लिहायचे, नगाला किमतीने गुणायचे, आणि शेवटी बेरीज मारायची. बेरीज होईपर्यंत वहीतला आकडा पाहायचा नाही; पाहिला की मन त्याच्याकडे ओढ घेते.

त्या दिवशी सकाळचे सुटे १,००० रुपये, रोख विक्री ८,४६० आणि दूधवाल्याला दिलेले १,२५०. म्हणजे गल्ल्यात ८,२१० हवेत. (मोबाईलवरून आलेले पैसे यात धरायचे नाहीत, ते गल्ल्यात येतच नाहीत.) मी मोजले ते असे:

५०० × ९ = ४,५००
२०० × ९ = १,८००
१०० × १३ = १,३००
५० × ७ = ३५०
२० × ५ = १००
१० × १७ = १७०
नाणी = १७०

एकूण ८,३९०. वर १८० रुपये! मालक म्हणाले, "कुणी गिऱ्हाईक मोड घ्यायला विसरलं असेल." आम्ही खूश.

सकाळी माझ्या बरोबरीचा मुलगा नाणी ठेवून ८,२२० रुपयांच्या नोटा बँकेत भरायला गेला. रोखपालाने मोजल्या तर भरल्या ८,०४०. आता १८० कमी! दुकानात सगळ्यांची नजर त्या मुलाकडे वळली. तो रडवेला झाला. रात्रीचा हिशेब माझा, पण वाटेत पैसे त्याच्याच हातात होते ना!

माझा कागद मी बँकेच्या भरणा पावतीशेजारी ठेवला. तिथे दोनशेच्या ८ आणि विसाच्या ६ नोटा होत्या. माझ्याकडे ९ आणि ५. बाकीच्या जाती तंतोतंत जुळल्या. एकूण नोटाही दोन्हीकडे ६०च. त्याने दोनशेची नोट काढली असती तर ५९ भरल्या असत्या, आणि विसाची एक वाढली कशाला असती? दोनशेची पिवळी आणि विसाची हिरवट पिवळी, ट्यूबलाईटखाली मीच एक वीस दोनशेच्या गठ्ठ्यात घातली होती. म्हणून रात्री १८० जास्त, सकाळी तितकेच कमी. नुसती बेरीज लिहिली असती, तर त्या मुलाच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काहीच नव्हते.

आता मी प्रत्येक गठ्ठा आखूड बाजूवर उभा धरून टेबलावर आपटतो. विसाची नोट दोनशेच्या नोटेपेक्षा १७ मिलिमीटरने आखूड असते, त्यामुळे ती गठ्ठ्यात खाली दबलेली लगेच दिसते. गिऱ्हाइकाला मोड देताना झालेली चूक मात्र यातून कळत नाही. ती नोट तर गल्ल्यातून निघून गेलेली असते.

मालकांनी त्या मुलाला चहा पाजला. त्याची माफी मीच मागितली.